कधीतरीच्या ट्रेकसाठी महागडं जॅकेट आणि बूट घ्यावेत का? मराठवाड्यातल्या भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, बीड, लातूर, नांदेड, परभणी इकडून वर्षाकाठी चार-पाच वेळा बाहेर पडणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. जवळचं म्हणजे देवगिरी, अंतूर, वेताळवाडी, गौताळ्याचं जंगल किंवा सौताड्याचा धबधबा. पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी गाडी करून कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड, आणि आयुष्यात एक-दोनदा हिमालय. रोज डोंगरात असणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे. किमती अंदाजे धरा, सेलमध्ये त्या बऱ्याच खालीवर होतात.

एका वाक्यात सांगा ना, महाग घ्यायचं की स्वस्त?

जॅकेट स्वस्त, बूट मधल्या किमतीचे पण पायाला नीट बसणारे, आणि बर्फातलं सामान भाड्यानं. कारणं पुढे येतीलच. मुख्य कारण मात्र आधीच सांगतो. वर्षातून चार वेळा वापरणाऱ्याची वस्तू वापरून झिजत नाही, कपाटात पडून म्हातारी होते. महाग वस्तूत आपण ज्या टिकाऊपणाचे पैसे देतो, तो बराचसा डोंगरात कामाला येण्याआधीच संपून जातो.

वीस-पंचवीस हजारांच्या जॅकेटमध्ये असं असतं तरी काय?

बाहेरच्या कापडाच्या आत एक अतिशय पातळ पडदा चिकटवलेला असतो. गोरटेक्स हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून बघितला. तेव्हा तो तुटला नाही, उलट त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. १९७६-७७ च्या सुमारास त्याची जॅकेटं बाजारात आली. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. कंपनीने अलीकडे पडद्याचा पदार्थ बदलला आहे, तत्त्व मात्र तेच आहे.

दोन-तीन हजारांच्या जॅकेटमध्ये असा वेगळा पडदा सहसा नसतो. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर दिलेला असतो. पाणी तोही अडवतो. वाफ कमी सोडतो आणि काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघायला लागतात.

दोन्ही प्रकारांत सगळ्यात बाहेर, कापडावर, पाणी झटकणारा एक लेप असतो. नव्या जॅकेटवर थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते त्याच्यामुळे. हा लेप महागातही घासून आणि मळून जातो. तो गेला की बाहेरचं कापड पाणी पितं आणि अंगाला ओलं, गार, जड वाटायला लागतं. पडदा शाबूत असतो, पाणी आतही आलेलं नसतं, पण भिजलेल्या कापडातून वाफ बाहेर जात नाही. पंचवीस हजारांचं जॅकेट त्या दिवशी अडीच हजारांच्या जॅकेटसारखंच वागतं.

पण महाग जॅकेटमध्ये घाम साचत नाही म्हणतात, ते खोटं आहे का?

खोटं नाही, पण ते कुठल्या हवेत, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पडदा वाफेला बाहेर ढकलत नाही. त्यात पंप नसतो. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच वाफ आपसूक बाहेर जाते. चढणीवर घामेजलेल्या अंगाचं तापमान साधारण ३३ अंश असतं आणि तिथे बाष्पाचा दाब ५ किलोपास्कलच्या आसपास असतो. आता बाहेरची हवा बघू. हिमालयात तापमान ५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर बाहेरचा दाब जेमतेम अर्धा किलोपास्कल. फरक साडेचारचा, म्हणजे वाफ भराभर निघते. जुलैत कळसूबाईच्या वाटेवर तापमान २४ अंश आणि हवा जवळजवळ पूर्ण भिजलेली असते. तिथे बाहेरचा दाबच २.८ च्या घरात जातो. फरक उरला दोनाच्या आसपास. तेच जॅकेट, तोच माणूस, पण वाफ बाहेर काढणारा जोर निम्म्याहून कमी.

त्यात खड्या चढावर भरभर चालणारा माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. उकाड्याच्या पावसात एवढी वाफ कुठलाच पडदा बाहेर काढू शकत नाही. म्हणून सह्याद्रीतल्या पावसात महाग जॅकेटवालाही आतून ओलाच असतो, फक्त पश्चात्ताप जास्त होतो!

आपल्या पावसात पडद्यापेक्षा हवा खेळवणाऱ्या गोष्टी जास्त उपयोगी पडतात. काखेत उघडता येणारी चेन, सैल कट, समोरची चेन अर्धी उघडी ठेवून वर टोपी, किंवा सरळ पोंचो. पोंचो खालून उघडा असतो, त्यामुळे वाफ खालून निघून जाते, आणि तो पाठीवरच्या सॅकसकट झाकतो. तीनशे ते हजार रुपयांत मिळतो. त्याची अडचण एकच, माथ्यावर वारा सुटला की तो तोंडावर येतो आणि पाय कुठे टाकतोय ते दिसत नाही. तेव्हा कंबरेला दोरी बांधायची. कळसूबाईच्या शिड्यांवर मात्र पोंचो काढून जॅकेट घालावं, तिथे पायात अडकणारं काही नको.

लेबलवर ‘१०,००० मिमी’ लिहिलेलं असतं. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं का?

कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात, त्याची उंची वाढवत नेतात आणि कापडातून तीन थेंब बाहेर आले की थांबतात. ती उंची म्हणजे तो आकडा. नुसता पाऊस अंगावर पडण्यासाठी हजार-दीड हजारही चालून जातात. पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात किंवा ओल्या दगडावर आपण बसतो, तेव्हा त्या जागी दाब बराच वाढतो. म्हणून ट्रेकसाठी ५,००० च्या वरचं बघावं. १०,००० असेल तर उत्तमच. त्यापुढच्या आकड्यांसाठी कधीतरी जाणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आकड्यापेक्षा शिवण बघा. जॅकेट उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक किंवा राखाडी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. काही स्वस्त जॅकेटांत फक्त खांद्यावर आणि टोपीला पट्टी असते, काखेत आणि बाजूला नसते. असं जॅकेट वीस मिनिटांच्या सरीत टिकतं, तीन तासांच्या झडीत नाही. गुलमंडीतून किंवा गंजगोलाईतून घेतलेल्या गाडीवरच्या रेनकोटलाही काही वेळा नीट पट्टी असते, आणि तो पाणी ठणकावून अडवतो. त्याचा दोष वाफेचा आणि वजनाचा. तासाभराच्या चालीला तोही पुरतो.

मोठ्या ब्रँडचं जॅकेट सेलमध्ये आठ-दहा हजारांत मिळतंय. सोन्याहून पिवळं ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि तेही खोट्या मालात नाही तर अस्सल मालात. मोठ्या परदेशी कंपन्या वरच्या श्रेणीत गोरटेक्स किंवा तसाच पडदा वापरतात. खालच्या श्रेणीत बहुतेकांचं स्वतःचं नाव दिलेलं तंत्र असतं. नॉर्थ फेसचं ड्रायव्हेंट, कोलंबियाचं ऑम्नी-टेक, पॅटागोनियाचं एचटूनो, अशी ती नावं. ही वाईट नाहीत. पण यांच्या स्वस्त जॅकेटांत बऱ्याचदा पीयूच्याच जातीचा थर असतो, म्हणजे डेकॅथलॉनच्या क्वेचुआ ब्रँडच्या अडीच-तीन हजारांच्या जॅकेटची जवळची भावकी. वरचे पैसे शिलाई, टोपीचा घाट, चेनची प्रत आणि छातीवरचं चिन्ह यांत जातात.

ओळखायचं कसं? विकणाऱ्याला ‘हे किती थरांचं आहे?’ असं विचारा. ‘अडीच थर’ असं उत्तर आलं, तर आत अस्तर नाही. पडद्यावर नुसती नक्षी किंवा पावडरीसारखा लेप आहे, आणि दंडाला तो चिकट लागतो. ‘तीन थर’ असेल तर आत पातळ विणलेलं कापड चिकटवलेलं दिसतं आणि पडदा घासण्यापासून वाचतो. आठ-दहा हजार देऊन अडीच थर घेण्यापेक्षा तीन हजारांचं घ्या, उरलेले पैसे बुटांवर घाला. हे माझं ठाम मत आहे.

‘महाग वस्तू दहा वर्षं चालते, शेवटी स्वस्तच पडते.’ हे बरोबर आहे ना?

हिशेब करून बघू. समजा वर्षात पावसातले पाच दिवस. अडीच हजारांचं जॅकेट चार वर्षं टिकलं, तर वीस दिवस झाले आणि दिवसाला १२५ रुपये पडले. पंचवीस हजारांचं दहा वर्षं टिकलं, तर पन्नास दिवस झाले आणि दिवसाला ५०० रुपये पडले. महाग जॅकेट १२५ वर आणायचं तर ते दोनशे दिवस वापरावं लागेल. वर्षाला पाच दिवस या गतीने चाळीस वर्षं! तोवर शिवणीवरच्या पट्ट्यांचा डिंक, चेन, इलास्टिक यांतलं काय उरणार?

हाच हिशेब वर्षाला साठ दिवस डोंगरात असणाऱ्या ट्रेक लीडरसाठी करा. त्याचे दोनशे दिवस साडेतीन वर्षांच्या आत भरतात. शिवाय रोज सॅक घासून त्याचं स्वस्त जॅकेट एक-दोन मोसमांत खांद्यावर गळायला लागतं. त्याने महाग घेतलं तर ते रास्तच आहे.

आपल्याकडची आणखी एक गंमत म्हणजे काटे. गौताळ्यात किंवा अंतूरच्या वाटेला बोरी-बाभळी आडव्या येतात. महाग जॅकेटं वजन कमी करायला फार पातळ कापडाची केलेली असतात. एक बोराटी आणि वीतभर चीर! जाड कापडाचं स्वस्त जॅकेट तिथे जास्त सोसतं, आणि फाटलं तर जीवही कमी जळतो.

मग बुटांवर पैसे कामून घालायचे?

जॅकेट गळालं तर आपण भिजतो. बूट सरकला तर हात मोडतो. उतरताना, ओल्या काळ्या कातळावर, पाठीवर ओझं असताना सगळा भरवसा तळव्याच्या रबरावर असतो. फरक पडतो तो इथेच.

रबराचं कोडं असं की मऊ रबर ओल्या दगडाला चांगलं धरतं पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं पण ओल्यात घसरतं. रोज वापरणाऱ्याला झिजेची चिंता असते. आपल्याला ती नाही, म्हणून आपण बिनधास्त मऊ रबराकडे जावं. नखाने तळवा दाबून बघा, नख थोडं रुतलं पाहिजे. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून जरा लांब असाव्यात, म्हणजे काळी माती त्यात भरून बसत नाही. आपल्या काळ्या मातीत दाट खाचांचा बूट दहा पावलांत किलोभर जड होतो, हे रानात गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘व्हायब्रम’ असं लिहिलेला पिवळा अष्टकोन तळव्यावर दिसला की लोक डोळे झाकून घेतात. इटलीतल्या विताले ब्रामानी यांनी १९३५ च्या एका दुर्घटनेत सहा सोबती गमावले, आणि १९३७ मध्ये खाचांचा रबरी तळवा काढला, तीच ही कंपनी. रबर चांगलंच असतं, पण या कंपनीची रबरं अनेक जातींची आहेत. काही टिकण्यासाठी केलेली, काही ओल्यात धरण्यासाठी. ओल्यासाठी ‘मेगाग्रिप’ हे नाव शोधा. आणि शेवाळ? शेवाळावर कुठलाच तळवा टिकत नाही, पंधरा हजारांचाही नाही. हिरवं दिसलं की बाजूने जायचं.

दुसऱ्या टोकाला सह्याद्रीतल्या जुन्या ट्रेकर मंडळींचा ‘ॲक्शन ट्रेकिंग’चा साधा बूट. हजाराच्या आसपास मिळायचा, आणि कातळावरच्या पकडीसाठी त्याचं नाव अजून निघतं. घोट्याला आधार कमी, उशीपणा कमी, पण एका दिवसाच्या गडासाठी तो पुष्कळांना पुरला आहे. तीन ते पाच हजारांत मिळणारे क्वेचुआचे किंवा तत्सम बूट मधला मार्ग म्हणून ठीक.

एक खास आपल्याकडची तपासणी. हलक्या, धावण्याच्या धाटणीच्या बुटांत फोमवर रबराचे फक्त तुकडे चिकटवलेले असतात आणि मधे फोम उघडा असतो. बाभळीचा काटा त्यातून थेट पायात जातो. तळव्याचं रबर टाचेपासून चवड्यापर्यंत सलग हवं.

माप संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून. दुकानातल्या जिन्यावरून किंवा रॅम्पवरून खाली उतरा. अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट कितीही नावाजलेला असला तरी ठेवून द्या. देवगिरीच्या शेकडो पायऱ्या उतरल्यावर नख काळं पडतं, ते याच्यामुळे.

वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? दोन-तीन हजारच जास्त आहेत.

सह्याद्रीच्या पावसासाठी नको. गुडघाभर ओढ्यात उतरलात की पाणी वरून आत येतं, आणि ज्या पडद्यामुळे ते बाहेरून आत येत नव्हतं त्याच पडद्यामुळे ते बाहेर जात नाही. दिवसभर बादलीत पाय घालून चालल्यासारखं होतं. असे बूट वाळायला दोन-तीन दिवस घेतात. जाळीदार साधे बूट भिजतात, पण चालता चालता पाणी फेकतात. मेच्या ४२ अंशांत तर वॉटरप्रूफ बूट म्हणजे पायाला शिक्षाच. बर्फात मात्र हेच बूट हवेत.

चांगले बूट दोनदाच घातले, तीन-चार वर्षं कपाटात होते. वाटेतच तळवा निघून पडला. असं कसं?

तळवा आणि वरचा बूट यांच्यामध्ये फोमचा थर असतो. जड, मजबूत, महाग बुटांत तो बऱ्याचदा पीयूचा असतो. पीयू हवेतली ओल हळूहळू शोषतो आणि त्याच्या साखळ्या तुटत जातात. याला वापर लागत नाही, खोक्यात ठेवलेला नवा कोरा बूटही आतून कुजतो. काही वर्षांनी तो बाहेरून ठाकठीक दिसतो आणि पहिल्याच उतारावर फोमचा भुगा होतो. ईव्हीए नावाचा फोम, जो हलक्या आणि स्वस्त बुटांत असतो, तो असा कुजत नाही. तो दबून कडक होतो, पण अचानक दगा देत नाही. म्हणजे कधीतरीच्या वापराला स्वस्त बुटाचा फोमच बरा, अशी ही उलटी गोष्ट आहे.

जुना जोड बाहेर काढला की ट्रेकच्या आठवडाभर आधी बाजूचा फोम अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या, पावडर निघाली किंवा चिकट लागला, तर तो जोड घरीच ठेवा. ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारे भारी बूट काही वेळा गोदामात वर्षानुवर्षं पडून असतात. जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष असतो, ते बघून मगच ठेवून घ्या. दीड-दोन वर्षांपेक्षा जुने असतील तर परत करा. आणि बूट उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, डिंक सुटतो.

जॅकेट दुसऱ्याच पावसाळ्यात गळतंय. फेकून द्यावं का?

आधी ते खरंच गळतंय की घाम आहे ते ठरवा. सुती, फिकट रंगाचा टी-शर्ट घाला, वरून जॅकेट घाला, चेन लावा आणि शॉवरखाली दहा मिनिटं शांत उभे राहा. हालचाल नाही, म्हणजे घाम नाही. मग काढून टी-शर्ट बघा. शिवणीच्या रेषेत ओल असेल तर पट्टी सुटली आहे. तिथे शिवण बुजवणारा डिंक लावला की काम होतं. खांद्यावर पसरट डाग असेल तर थर घासला गेला आहे, ते जॅकेट आता दुचाकीसाठी ठेवा. टी-शर्ट कोरडा निघाला, तर डोंगरात तुम्ही घामाने भिजत होता.

कापड पाणी पीत असेल पण आत कोरडं असेल, तर वरचा लेप मेला आहे. सौम्य साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खंगाळा, कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात वापरू नका. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर वरून सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तर निकवॅक्ससारखा फवारा मिळतो. आत पापुद्रे सुटून पांढरा भुगा पडत असेल तर मात्र इलाज नाही.

डिसेंबरात केदारकंठाला जायचंय. तिथे तर महाग लागेलच ना?

चांगलं लागेल, पण विकत कशाला? केदारकंठा साधारण ३,८०० मीटर उंच, आणि डिसेंबरात बर्फ. तिथे भिजलेलं अंग म्हणजे निव्वळ गैरसोय नाही, शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. म्हणून सामान दर्जेदार हवं. पण पायथ्याच्या सांकरी गावात जाड जॅकेट, बर्फाचे बूट, बुटांना लावायचे काटे, बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटऱ्यांना बांधायचे गेटर, काठ्या हे सगळं भाड्याने मिळतं. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या राष्ट्रीय ट्रेकमध्ये सॅक आणि स्लीपिंग बॅग कॅम्पवरच देतात. आपल्या मराठवाड्यात परत आल्यावर ते पिसांचं जॅकेट घालून जाणार कुठे? म्हैसमाळला?

स्वतःचं घ्यायचं ते अंगालगतचं, म्हणजे सिंथेटिक किंवा लोकरीचे आतले कपडे, मोजे आणि हातमोजे. बूट भाड्याने घेत असाल तर एक दिवस आधी पोचा आणि दोन-तीन जोड घालून चालून बघा. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’चं धरा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा हा जीव कसाबसा वाचेल तो आहे, झोप लागेल तो नाही.

‘फर्स्ट कॉपी’ दीड हजारात मिळते. काय बिघडलं?

शहरात मिरवायला काही नाही. पावसात बिघडतं, कारण नकलेत बहुतेक वेळा चिन्ह असतं आणि शिवणीवर पट्टी नसते. त्याच पैशात बिननावाचं पण पट्टीवालं जॅकेट घ्या.

सॅक कुठली?

पाठीला बसणारी. कंबरेचा पट्टा ओझं हाडावर घेतो का बघा. दुकानात सात-आठ किलो भरून दहा मिनिटं फिरा. वाइल्डक्राफ्ट, क्वेचुआ चालतील. महागडी सॅकही सहसा वॉटरप्रूफ नसते, आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान त्यात भरा. वरच्या रेन कव्हरपेक्षा ती पिशवी जास्त भरवशाची.

एक खरीखुरी यादी करून द्या. बजेट बारा हजार.

समजा अंबाजोगाईला राहणारे एक गुरुजी आहेत. वर्षभर बालाघाटात, धारूर-कपिलधारकडे फिरणं, पावसाळ्यात दोनदा सह्याद्री, आणि येत्या डिसेंबरात केदारकंठा. दुकानदाराने त्यांना नऊ हजारांचं नावाजलेलं, अडीच थरांचं जॅकेट आणि तीन हजारांचे बूट सुचवले, आणि बजेट तिथेच संपलं.

त्याऐवजी असं: सलग, मऊ तळव्याचे, वॉटरप्रूफ नसलेले बूट साडेचार हजारांना. सगळ्या शिवणींवर पट्टी असलेलं, काखेत चेन असलेलं जॅकेट अडीच हजारांना. पोंचो पाचशेला. दोन जोड चांगले मोजे आणि आतले गरम कपडे मिळून दोन हजारांना. झाले साडेनऊ. उरलेले अडीच हजार सांकरीतल्या भाड्यासाठी. सॅक घरात मुलाची कॉलेजची असेल आणि कंबरेचा पट्टा असेल, तर सह्याद्रीला ती चालेल.

गुरुजी या खेपेला ट्रेक केल्यावर नादी लागले आणि दरवर्षी हिमालयात जायला लागले, तर सगळ्यात आधी चांगले बूट बदलावेत, मग स्लीपिंग बॅग. जॅकेटचा नंबर तिसरा.

मग पंचवीस हजारांचं जॅकेट घ्यावं तरी कोणी?

ट्रेक लीडर, बचाव पथकातले लोक, हिमालयात वर्षातून दोन-तीन मोहिमा करणारे. थंडीत आणि वाऱ्यात दिवसेंदिवस ओलं राहण्याची पाळी ज्यांच्यावर येते ते. आणि एक वर्ग असा, ज्यांच्या मापाचं स्वस्तात मिळतच नाही, विशेषतः ठेंगण्या बायका आणि फार उंच माणसं. बाही मनगटाच्या वर येत असेल तर पाणी बाहीतून आत येणार, मग कापड कितीही भारी असो. त्यांनी मापासाठी जास्त पैसे दिले तर ते योग्यच.

कुणाचं तरी वापरलेलं महाग जॅकेट अर्ध्या किमतीत मिळतंय. घेऊ?

अर्ध्यात नको, पाव किमतीत बघा. उलटं करून उजेडात धरा. पट्ट्यांच्या कडा उचकटल्यात का, गळ्यापाशी आणि खांद्यावर पडदा कापडापासून सुटून फुगे आलेत का, हे बघा. तेलकट मानेपाशी तो सगळ्यात आधी सुटतो. मग शॉवरची दहा मिनिटं. मालक ती परीक्षा करू देत नसेल तर व्यवहार सोडा. वापरलेले बूट मात्र पाव किमतीतही घेऊ नका, ते दुसऱ्याच्या पायाला बसलेले असतात आणि त्यांच्या फोमचं वय कळत नाही.